पहिल्याच मेसेजात ‘पत्रास कारण की’

आज बोलायचंय ते मोबाइलवरच्या मेसेजबद्दल. ज्यांनी नुकताच व्हॉट्सॲप वापरायला घेतलाय, बोटानं एकेक अक्षर शोधत ज्या मेसेज लिहितात, त्यांच्यासाठी खास. कामासाठी कुणाला पहिला मेसेज करायचा असेल, तर तो कसा लिहावा? एवढा एकच विषय. सांगते मात्र आमच्या गोठ्यातल्या गोष्टीवरून, कारण मला ही अक्कल तिथंच आली.

आमची चंद्री नावाची एचएफ गाय. दुसऱ्या वेताची. व्याल्याला वीस दिवस झाले होते. सकाळी धारेला बसले तर मागचा उजवा सड हाताला टणक लागला. नेहमी त्या वेळेला आठ लिटर दूध देणारी गाय, त्या दिवशी पाचावर थांबली. त्या सडातून दुधाबरोबर पांढऱ्या कण्या आल्या. मी काळजीत पडले आणि जनावरांच्या डॉक्टरांना मेसेज केला. नंबर त्यांनीच देऊन ठेवला होता, ‘फेरीवर असलो की फोन उचलता येत नाही, मेसेज टाकत जा,’ म्हणाले होते.

वेळ होती सकाळची पावणेसात. मी लिहिलं, ‘नमस्कार डॉक्टरसाहेब.’ पाठवलं, आणि उत्तराची वाट बघत बसले.

डॉक्टर मोटरसायकलवर. त्यांनी सव्वानऊला कुठल्याशा गोठ्याबाहेर गाडी लावून फोन बघितला आणि लिहिलं, ‘बोला ताई.’ तोपर्यंत मी खुरपायला गेलेली, फोन घरात चार्जिंगला. दुपारी एक वाजता जेवायला आले तेव्हा ते ‘बोला’ दिसलं. मी लिहिलं, ‘गाय आजारी आहे.’ अडीचला त्यांचा प्रश्न आला, ‘काय होतंय?’ मी लिहिलं, ‘दूध कमी दिलं. सड सुजलाय.’ चार वाजता पुन्हा प्रश्न, ‘कधीपासून? दुधात गुठळ्या आहेत का? व्याली कधी?’ मी सगळं लिहीपर्यंत पाच वाजले. तेव्हा डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. ते आले दुसऱ्या दिवशी सकाळी.

चंद्रीला झालेली दगडी. डॉक्टर त्याला कासदाह म्हणतात. औषधपाणी झालं, गाय बरी झाली. पण त्या वेतात त्या सडाला पहिल्यासारखं दूध काही आलं नाही. डॉक्टर जाता जाता सहज बोलून गेले, “ताई, काल सकाळी आठला मी तुमच्या पलीकडच्या वस्तीवरच होतो. तेव्हाच कळलं असतं तर येताना वळलो असतो.”

मला ते वाक्य फार लागलं. कारण चूक डॉक्टरांची नव्हती आणि फोनचीही नव्हती. पावणेसातला मेसेज गेला होता. फक्त त्या मेसेजात नमस्कार होता, गाय नव्हती.

आता मी असं का केलं? तुम्हीही करता, म्हणून विचारते. एखाद्याच्या दारात गेलं की आपण आधी हाक मारतो, ‘आहे का कुणी घरात?’ आतून ‘या, बसा’ येतं. पाणी होतं, खुशाली होते, मग हळूच कामाचं निघतं. आल्या आल्या काम काढणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. फोन लावला तरी आधी ‘हॅलो’ म्हणायचं, पलीकडून आवाज आला की बोलायचं. ही सवय चांगलीच आहे. पण दारात आणि फोनवर समोरचा माणूस त्या क्षणी हजर असतो. आपली हाक आणि त्याची ‘ओ’ यांत एका श्वासाचं अंतर असतं. मेसेजला तसं नसतं. आपण लिहितो तेव्हा तो कामात असतो, तो बघतो तेव्हा आपण कामात असतो. म्हणून तिथं हाक आणि ‘ओ’ यांत दोन-तीन तास सहज जातात. नुसता ‘नमस्कार’ पाठवला की एक हेलपाटा ठरलेलाच.

मग मला आमच्या आजेसासूबाईंची पत्रं आठवली. ट्रंकेत जुनी पोस्टकार्डं आहेत. मोठ्या माणसाला लिहिलेलं असलं की सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, सप्रेम नमस्कार. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, ‘पत्रास कारण की...’ लगेच कामाला हात. शेवटी ‘कळावे.’ झालं पत्र.

बघा, त्या काळी कुणी नुसतं ‘सा. न. वि. वि.’ लिहून कार्ड पेटीत टाकलं असतं का? मग समोरच्यानं आठ दिवसांनी उलटटपाली विचारायचं, ‘नमस्कार पावला, काम काय?’ हसूच येईल. पत्र पोचायला वेळ लागतो हे माहीत होतं, म्हणून आपल्या जुन्या माणसांनी नमस्कार आणि कारण एकाच कार्डावर बांधून ठेवलं होतं. त्यात उद्धटपणा कुणाला वाटला नाही, कारण नमस्कार गाळलेला नव्हताच. मेसेज हा पत्राचा भाऊ आहे, फोनचा नव्हे. एवढं मनात पक्कं केलं की पुढचं सोपं आहे.

आता तोच मेसेज कसा लिहायला हवा होता, ते बघू. मी पुढे डॉक्टरांना विचारून तो पाटीवर लिहून काढला. असा :

‘नमस्कार डॉक्टरसाहेब. गायीला दगडी झाल्यासारखी वाटते, आज येऊन बघाल का?
मी माळवाडीची, चिंचेजवळच्या वस्तीवरची.
एचएफ, दुसरं वेत, व्याल्याला २० दिवस.
आज सकाळपासून मागचा उजवा सड टणक, सुजलेला. दुधात कण्या. सकाळचं दूध ८ चं ५ लिटर. ताप १०४. चारा कमी खाते, रवंथ करते.
मी दिवसभर वस्तीवरच आहे, कधीही या. तोपर्यंत काय करू ते कळवा.’

पाचच ओळी. आता एकेक बघू.

पहिल्या ओळीत नमस्कारही आहे आणि कामही. हे मुद्दाम एकत्र. का, ते सांगते. मेसेज आला की फोनच्या वरच्या भागात एक पट्टी येते. तिच्यात सगळा मेसेज दिसत नाही, सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. डॉक्टर गाडीवरून उतरताना त्या पट्टीवर नजर टाकतात आणि ठरवतात, आत्ता उघडायचा की संध्याकाळी. त्या पट्टीत ‘नमस्कार डॉक्टरसाहेब, कसे आहात, घरी सगळे ठीक ना’ एवढंच दिसलं तर मेसेज संध्याकाळवर जातो. ‘गायीला दगडी’ एवढे दोन शब्द दिसले की तो लगेच उघडला जातो. म्हणून नमस्कार एका दमात संपवायचा आणि पुढचा शब्द कामाचा.

आणि काम सांगताना दोन गोष्टी सांगायच्या : काय झालंय आणि मला काय हवंय. ‘गाय आजारी आहे’ हे झालं निम्मं. त्यावर डॉक्टरांनी यायचं, औषध सांगायचं, की नुसतं ऐकून घ्यायचं? ‘आज येऊन बघाल का’ म्हटलं की त्यांना हो किंवा नाही म्हणता येतं. आजार कुठला हे आपल्याला ठाऊक नसलं तरी हरकत नाही. ‘सड सुजलाय, येऊन बघाल का’ असं साधं लिहावं. नाव चुकलं तरी लक्षण खरं असलं की डॉक्टर समजून घेतात.

दुसरी ओळ आपली ओळख. आपल्या फोनमध्ये डॉक्टरांचं नाव लिहून ठेवलेलं असतं, पण त्यांच्या फोनमध्ये आपलं असेलच असं नाही. त्यांना नुसता दहा आकडी नंबर दिसतो. म्हणून आपलं नाव, गाव आणि वस्तीची खूण लिहायची. आत्ता मी माझं नाव गाळलं, तुम्ही मात्र लिहा.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत ती माहिती, जी डॉक्टर हमखास विचारतातच. चंद्रीच्या वेळी त्यांनी दिवसभरात जे प्रश्न विचारले, तेच या ओळींत आहेत. जनावर कोणतं, वेत कितवं, व्याली कधी किंवा गाभण किती महिन्यांची, त्रास कधीपासून, दूध किती होतं आणि किती झालं, खाते का, रवंथ करते का. व्यालेली तारीख का लागते? ताज्या व्यालेल्या गायीला काही आजार जास्त होतात, म्हणून डॉक्टरांचा विचार तिथूनच सुरू होतो. गाभण असेल तर औषध निवडताना तेही बघावं लागतं.

सड कोणता हे सांगताना गायीच्या मागे उभं राहून बघावं. आपल्या उजव्या हाताला येतो तो उजवा सड. समोरून बघून लिहिलं की उलटं होतं.

तापाचं एक सांगते. मी तेव्हा लिहिलं असतं, ‘अंग गरम लागतंय.’ पण निरोगी गायीचं अंगही आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण १०१ ते १०२ अंश. म्हणून हाताला ती नेहमीच गरम लागणार. त्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. साधा तापमापक शेपटीखाली गुदद्वारात धरून जो आकडा येतो, तो लिहावा. तापमापक गोठ्यासाठी वेगळा ठेवायचा, हे सांगायला नकोच. नसेल तर ताप लिहूच नका. ‘कान गार आहेत’ किंवा ‘थरथरते’ असं डोळ्यांना, हाताला खरंच जाणवलं असेल ते लिहा.

शेवटची ओळ आपण कुठं आणि कधी भेटू याची. त्यातच एक वाक्य मी पुढे घातलं : ‘तोपर्यंत काय करू ते कळवा.’ हे वाक्य फार कामाचं आहे. डॉक्टरांना यायला दुपार झाली तरी एका ओळीचं उत्तर ते लगेच देऊ शकतात. मला त्यांनी नंतर जे सांगितलं ते असं : त्या सडातलं दूध पूर्ण काढून घ्या, तो सड सगळ्यात शेवटी पिळा, मग हात साबणानं धुवा, ते दूध डेअरीच्या किटलीत मिसळू नका, वासराला पाजू नका आणि गोठ्यात जमिनीवरही ओतू नका. हे मला सकाळी सातला कळलं असतं, तर दिवसभर मी काहीतरी करत राहिले असते. मी नुसती फोनकडे बघत बसले.

काही मैत्रिणी म्हणतील, एवढं सगळं लिहायला बोटं दुखतील. त्याला उपाय आहे. कीबोर्डवर माइकचं चित्र असतं. ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. पण ते यंत्र ऐकलेलं लिहितं, ‘सड’चं ‘सण’ करतं, ‘वेत’चं ‘वेळ’ करतं. म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचून बघायचं, आकडे तर नक्कीच.

आवाजाचा मेसेज म्हणजे व्हॉइस पाठवला तर चालेल का? लिहिता येत नसेल तर जरूर पाठवा. फक्त क्रम हाच ठेवा : नमस्कार आणि काम, मग ओळख, मग माहिती. अर्ध्या मिनिटात संपवा. रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या गोठ्यात उभ्या माणसाला तीन मिनिटांचा व्हॉइस ऐकता येत नाही आणि त्यातला लिटरचा आकडा पुन्हा हवा असेल तर सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. आवाजाबरोबर ‘गायीला दगडी, माळवाडी’ एवढे तीन शब्द जरी लिहून टाकले, तरी वरच्या पट्टीत ते दिसतात.

फोटोचंही तसंच. नुसता सुजलेल्या कासेचा फोटो पाठवला तर पाठवणारी कोण, गाय कुणाची, कधीची, काहीच कळत नाही. फोटो निवडल्यावर त्याच्याखाली लिहायला जागा येते, तिथंच मजकूर लिहावा. म्हणजे फोटो आणि मजकूर एकत्र जातात. कण्या दाखवायच्या असतील तर धारेचं पहिलं थोडं दूध काळ्या ताटलीत किंवा काळ्या कापडावर पिळा. स्टीलच्या भांड्यात त्या दिसत नाहीत, काळ्यावर स्पष्ट दिसतात.

आणखी एक चूक नवीन शिकणाऱ्यांची होतेच. ‘नमस्कार’ एक मेसेज, ‘डॉक्टर’ दुसरा, ‘गाय’ तिसरा, ‘आजारी आहे’ चौथा. दर तुकड्याला पलीकडे फोन वाजतो. तीनदा वाजून काहीच कळलं नाही की माणूस फोन खिशात ठेवून देतो. नेमका चौथा तुकडा वाचायचा राहतो. सगळं एकाच चौकोनात लिहा, मगच पाठवायचा बाण दाबा. ओळ बदलताना चुकून मेसेज जात असेल, तर ओळ न बदलता पूर्णविराम देऊन पुढे लिहीत राहा. त्यानं काही बिघडत नाही.

मेसेज गेल्यावर खुणा बघायला शिका. एक राखाडी बरोबरची खूण म्हणजे आपल्याकडून गेला, पण त्यांच्या फोनवर पोचला नाही. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल. दोन राखाडी म्हणजे पोचला. दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे उघडला. काहीजण निळी खूण बंद करून ठेवतात, म्हणून निळं झालं नाही याचा अर्थ वाचलाच नाही असा धरू नका. पण बराच वेळ एकच खूण दिसत असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. सरळ फोन लावा.

आणि काही वेळा मेसेज मुळीच करायचा नाही. पोट फुगून गाय खाली बसली, वासरू अडलं, साप चावला, व्याल्यावर गाय उठेना, अशा वेळी फोनच. डॉक्टरांनी उचलला नाही तर १९६२ हा जनावरांच्या उपचारांसाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे, तो लावा. तिथंही पलीकडून ‘बोला’ आलं की हाच क्रम सांगा : काय झालंय, काय हवंय, गाव कोणतं, जनावर कोणतं. गायीच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचे बारा आकडे एका कागदावर लिहून गोठ्याच्या दाराला चिकटवून ठेवा. विचारलेच तर ऐनवेळी गायीच्या कानामागे धावावं लागत नाही.

माहेरी बहिणीला किंवा मैत्रिणीला मेसेज करताना यातलं काहीच पाळायचं नाही बरं का. तिथं ‘काय गं, जेवलीस का?’ एवढाच मेसेज हवा. तिथं गप्पा हेच काम असतं. आणि कुणाच्या घरी दुःख झालेलं कळलं असेल, तर त्या दिवशी आपलं काम त्या मेसेजात घालायचं नाही. ते थांबू शकतं.

आपला मेसेज जमला की नाही, हे कसं ओळखायचं? एक सोपी खूण सांगते. पहिलं उत्तर काय आलं ते बघा. ‘येतो’, ‘उद्या सकाळी’, ‘आज जमत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना सांगतो’, असं काही आलं तर मेसेज जमला. ‘नाही’ आलं तरीही जमला, कारण लगेच दुसरी वाट धरता येते. पण उत्तरात प्रश्न आला, तर ती माहिती आपल्याकडून सुटली. तो प्रश्न लक्षात ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याचं उत्तर आधीच लिहायचं. माझी पाटी अशीच तयार झाली. ती आता गोठ्यात धारेच्या जागेवर टांगलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जाऊबाईंच्या म्हशीचा एक सड सुजला. त्यांनी पाटी बघून मेसेज लिहिला, काळ्या ताटलीचा फोटो जोडला आणि साडेसहाला पाठवला. सात वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘सड पूर्ण पिळून घ्या. नऊपर्यंत येतो.’ आणि डॉक्टर आले. म्हशीचा तो सड आजही बाकीच्या तिघांबरोबर दूध देतोय.

जाऊबाईंनी मेसेजाच्या सुरुवातीला काय लिहिलं होतं माहितीये? ‘सा. न. वि. वि. डॉक्टरसाहेब, म्हशीला दगडी.’ डॉक्टर आल्या आल्या आधी हसले आणि मग हात धुऊन म्हशीकडे वळले.

कळावे.